दुपारी तीननंतर डोळे चुरचुरतात आणि २०-२०-२० करूनही फरक पडत नाही? मग हे तपासून बघा

तक्रार साधारण अशी असते. सकाळी दहाला कामाला बसताना डोळे ठीक असतात. जेवणाच्या सुट्टीनंतर तासाभरात चुरचुर सुरू होते. तीन-साडेतीनला स्क्रीनवरचे आकडे पुसट दिसायला लागतात, मधूनच पाणी येतं, कपाळ जड होतं. संध्याकाळी गाडी काढून बाहेर पडलं की समोरच्या दुकानांच्या पाट्या काही मिनिटं नीट वाचता येत नाहीत. रविवारी यातलं काही होत नाही आणि सोमवारी पुन्हा तेच.

मी साताऱ्यात डोळे तपासण्याचं काम करते. पतसंस्था, बँका, सरकारी कचेऱ्या, सीएंची ऑफिसं, एमआयडीसीतले अकाउंट विभाग, इथून येणारे बरेच जण हेच सांगतात. मार्चअखेर जवळ आली की अशांची संख्या वाढते. हल्ली त्यात एक वाक्य हमखास असतं: "मॅडम, ते २०-२०-२० पण करून बघितलं, काही उपयोग झाला नाही." नियम चांगला आहे, सोपा आहे, फुकट आहे. पण तो नेमका कशावर चालतो आणि कशावर चालत नाही हे माहीत नसेल तर माणूस आठवडाभर करतो आणि सोडून देतो.

नियम आणि त्यामागचं कारण

दर २० मिनिटांनी स्क्रीनवरून नजर काढायची, किमान २० फुटांवरच्या एखाद्या वस्तूकडे बघायचं आणि २० सेकंद बघत राहायचं. अमेरिकेतले ऑप्टोमेट्रिस्ट जेफ्री अॅन्शेल यांनी १९९० च्या दशकात हा नियम असा बांधला तो लोकांच्या लक्षात राहावा म्हणून. त्यामुळे पंचवीस मिनिटं झाली किंवा पंधरा फूटच मिळाले तर नियम मोडला असं समजू नका. आकड्यांच्या मागचं काम होणं महत्त्वाचं.

हे काम दोन प्रकारचं आहे. पहिलं आतल्या स्नायूचं. जवळचं बघताना डोळ्यातला एक बारीक स्नायू आवळला जातो आणि आतलं भिंग फुगतं, म्हणून जवळची अक्षरं स्पष्ट दिसतात. स्क्रीन हातभर अंतरावर असेल तर तो स्नायू दिवसभर तसाच आवळलेला राहतो. २० फूट म्हणजे सुमारे सहा मीटर. एवढ्या लांब बघताना त्याला जवळजवळ काहीच करावं लागत नाही, तो सैल पडतो. संध्याकाळी पाट्या पुसट दिसतात त्या याच स्नायूमुळे: दिवसभर आवळून राहिल्यावर तो लगेच सुटत नाही. म्हणून चालू कामात अधूनमधून त्याला सोडायचं.

दुसरं काम पापण्यांचं आहे, आणि माझ्या मते ऑफिसमधल्या चुरचुरीत याचाच वाटा मोठा आहे. एरवी आपली पापणी मिनिटाला पंधराएक वेळा लवते. स्क्रीनकडे एकटक बघताना हे प्रमाण पाच-सातवर येतं, आणि त्यातल्याही कितीतरी वेळा पापणी अर्धीच मिटते. बुबुळावर अश्रूंचा एक पातळ थर असतो आणि त्याच्यावर तेलाचा अगदी बारीक पापुद्रा. निरोगी डोळ्यातसुद्धा हा थर साधारण दहाएक सेकंदांनी फाटायला लागतो. पुढची पापणी लवली की तो पुन्हा सारखा पसरतो. पापणी लवायलाच दहा-बारा सेकंद लागत असतील तर मधल्या वेळात बुबुळाचा काही भाग कोरडा पडतो. तिथेच चुरचुरतं, तिथूनच अक्षरं पुसट दिसतात.

यावर लोक विचारतात, "कोरडे पडलेत म्हणता, मग पाणी कसं येतं?" पाणी कोरडेपणामुळेच येतं. पृष्ठभाग कोरडा पडला की डोळा एकदम भरपूर अश्रू सोडतो, पण घाईत आलेल्या त्या पाण्यात तेलाचं प्रमाण कमी असतं. ते बुबुळावर टिकत नाही, गालावर ओघळतं. पाच मिनिटांनी पुन्हा चुरचुर.

म्हणजे २० सेकंदांत दोन गोष्टी व्हायला हव्यात: लांब बघणं आणि पापण्या पूर्ण मिटणं. दुसरी गोष्ट नियमाच्या आकड्यांत कुठेच नाही, म्हणून ती राहून जाते. लांब बघत असतानाच चार-पाच वेळा डोळे अलगद, पूर्ण मिटा, दोन सेकंद मिटलेले ठेवा आणि मग उघडा. आवळून मिटायचे नाहीत.

नियम करताना चुकतं कुठे

सगळ्यात मोठी चूक मोबाइलवर गजर लावण्याची. गजर वाजतो, फोन हातात येतो, गजर बंद होतो आणि समोर तीन मेसेज दिसतात. मग विश्रांतीचे २० सेकंद फूटभर अंतरावरच्या, स्क्रीनपेक्षा बारीक अक्षरांत जातात. फोन जितका जवळ तितका आतला स्नायू जास्त आवळतो, म्हणजे ही विश्रांती कामापेक्षा जड पडली. गजराऐवजी नियम कामातल्याच एखाद्या गोष्टीला बांधा. काउंटरवर असाल तर ग्राहक पासबुक घेऊन वळला की त्याच्या पाठीमागून दारापर्यंत नजर न्यायची. एन्ट्री करत असाल तर व्हाउचरची एक गड्डी संपली की. प्रिंटर चालू असेल तर तो थांबेपर्यंत. गजरच हवा असेल तर स्वयंपाकघरात मिळतं ते साधं टायमर आणा आणि हात पुरणार नाही अशा ठिकाणी ठेवा, म्हणजे बंद करायला उठावं लागेल.

दुसरी अडचण अंतराची. बऱ्याच केबिन दहा बाय दहाच्या असतात, समोर भिंत आणि भिंतीवर कॅलेंडर. २० फूट म्हणजे किती हे डोळ्यांनी ठरवताना लोक आठ-दहा फुटांनाच वीस समजतात. फरशी दोन बाय दोनची असेल तर दहा फरश्या मोजा, झालं. खोलीत तेवढी जागा नसेल तर खिडकी किंवा पॅसेजचं टोक बघा. साताऱ्यात हे एक सुख आहे: दक्षिणेकडे खिडकी असेल आणि मध्ये इमारत नसेल तर अजिंक्यतारा दिसतो, पश्चिमेकडे यवतेश्वरचा डोंगर. काहीच नसेल तर दहा-बारा फुटांवरच्या भिंतीकडे बघून डोळे पूर्ण मिटा. स्नायूवरचा बराचसा ताण त्यानेही उतरतो.

नीट केलेल्या नियमाचा फरक कळायला दोन-चार कामाचे दिवस द्या. चुरचुर तीनऐवजी पाचला सुरू होऊ लागली तर मार्ग बरोबर आहे. आठवडाभर नीट करूनही घड्याळ तीनवरच अडकलं असेल तर कारण दुसरं आहे, आणि मग नियम कितीही वाढवला तरी उपयोग नाही.

एक उदाहरण

पोवई नाक्याजवळच्या एका पतसंस्थेतल्या सीनियर क्लार्क, वय ५२. लांबचा नंबर नाही. वाचायला चाळिशी लागते, म्हणून बायफोकल चष्मा: वरचा भाग साधा, खालच्या भागात +२.००. तक्रार वर लिहिली तीच, शिवाय संध्याकाळी मान आणि खांदे दुखतात. नियम मोबाइलचा गजर लावून केला होता, गुण नव्हता.

मी त्यांना विचारलं, "ताई, बसल्यावर पडदा डोळ्यांपासून किती लांब येतो?" त्यांना सांगता येईना. दुसऱ्या दिवशी त्या टेपने मोजून आल्या: ६५ सेंटीमीटर. सोबत मोबाइलवर टेबलाचा फोटोही होता, आणि त्यात सगळं दिसत होतं. आडव्या ठेवलेल्या सीपीयूवर मॉनिटर, म्हणजे पडद्याची वरची कड कपाळाच्याही वर. डाव्या हाताला भिंतीवरचा पंखा, थेट तोंडावर.

आता हिशेब बघा. +२.०० च्या काचेतून लांबात लांब ५० सेंटीमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं. एक मीटर भागिले नंबर, इतकं ते सोपं आहे. वरच्या साध्या काचेतून या वयात जवळचं दिसत नाही. त्यांचा पडदा ६५ वर, म्हणजे चष्म्याच्या कुठल्याच भागात नीट न बसणारा. मग शरीर आपोआप तोडगा काढतं: हनुवटी वर करून खालच्या काचेतून बघायचं आणि पुढे वाकून पडदा ५० च्या आत आणायचा. दिवसभर असं बसल्यावर मान दुखणारच. त्यातच मॉनिटर उंच असल्यामुळे डोळे वर करून, जास्त उघडे ठेवून बघावं लागतं. डोळा जितका जास्त उघडा तितका ओलावा लवकर उडतो, आणि उरलेला पंखा उडवतो.

सगळं एकाच दिवशी बदललं असतं तर कशाने बरं वाटलं ते कळलं नसतं. म्हणून क्रमाने गेलो. पहिल्यांदा फक्त पंख्याची दिशा बदलली आणि नियम मोबाइलशिवाय, पापण्या मिटून सुरू केला. चुरचुर आणि पाणी बरंच कमी झालं, मान होती तशीच. मग सीपीयू खाली ठेवून मॉनिटर टेबलावर आणला, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली राहील असा, म्हणजे नजर किंचित खाली जाते आणि पापणी डोळ्याचा जास्त भाग झाकते. शेवटी फक्त कामासाठी वेगळा चष्मा: संपूर्ण काचेत +१.२५. त्यातून ८० सेंटीमीटरपर्यंत स्पष्ट दिसतं, त्यामुळे ६५ वरचा पडदा ताठ बसून वाचता येतो. व्हाउचर टेबलावर सपाट ठेवण्याऐवजी मॉनिटरच्या शेजारी, स्टँडवर तिरकी लावली, म्हणजे दर एन्ट्रीला अंतर बदलायला नको. मान या शेवटच्या पायरीला सुटली.

त्यांनी नंतर एक चांगला प्रश्न विचारला: "या चष्म्यातून लांबचं पुसट दिसतं, मग नियम कसा करायचा?" चष्मा काढायचा आणि मग बघायचं. पन्नाशीनंतर आतलं भिंग कडक झालेलं असतं, स्नायू सैल होण्याचा फायदा तसाही थोडाच. त्या वयात नियमाचा खरा उपयोग पापण्या मिटण्यासाठी. पंचविशीतल्या मुलाला मात्र दोन्ही फायदे मिळतात.

तुमचं कारण कोणतं, हे बसल्या जागी ओळखा

अक्षरं पुसट झाली की ताबडतोब डोळे दोन-तीनदा पूर्ण मिटून उघडा. तेवढ्याने लगेच स्पष्ट झालं तर अडचण कोरडेपणाची आहे: पंखा किंवा एसीचा झोत, पडद्याची उंची आणि पापण्या, याच क्रमाने तपासा. मिटून काही झालं नाही, पण लांब बघून अर्ध्या-एक मिनिटाने स्पष्ट झालं तर आतला स्नायू थकलाय आणि इथे २०-२०-२० सगळ्यात जास्त चालतं.

पुढे-मागे सरकल्यावर एका ठरावीक अंतरावरच अक्षरं स्पष्ट होत असतील तर चष्म्याचा नंबर किंवा अंतर जुळत नाही. अशा वेळी तपासायला येताना डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून आणा. हा एक आकडा नसेल तर तपासणाऱ्याला वाचनाचाच नंबर देण्यावाचून पर्याय राहत नाही. आणि अक्षरं दोन-दोन दिसत असतील तर एक डोळा झाकून बघा. झाकल्यावर एकच दिसलं तर दोन डोळ्यांची जुळणी बिघडली आहे, ते विश्रांतीने जाईल म्हणून वाट बघू नका, दाखवा.

मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट. साखर वर-खाली होत असताना चष्म्याचा नंबरही हलतो. कधी चष्मा चांगला वाटतो, कधी नाही, असं होत असेल तर नवा चष्मा करण्याआधी साखर आटोक्यात आणा, नाहीतर पैसे दोनदा जातील.

अक्षरं मुळातच बारीक असतील तर माणूस पुढे वाकतोच, नियम त्याला काही करू शकत नाही. ब्राउझर आणि एक्सेलमध्ये `Ctrl` दाबून माऊसचं चाक फिरवा. संपूर्ण स्क्रीन मोठी करायची असेल तर विंडोजमध्ये `Settings > System > Display > Scale` इथे 125% निवडा.

ब्लू कट काचेबद्दल रोज विचारलं जातं, म्हणून स्पष्ट सांगते: डोळ्यांच्या या थकव्यासाठी त्यावर जादा पैसे घालू नका. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात साध्या काचेपेक्षा त्या काचेने स्क्रीनचा थकवा कमी होतो असं दिसलं नाही. तेच पैसे योग्य अंतराच्या चष्म्यात घाला.

थेंब टाकायचे का

पंखा, उंची, पापण्या हे सगळं करूनही कोरडेपणा उरला तर वंगण देणारे थेंब, म्हणजे कृत्रिम अश्रू, उपयोगी पडतात. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज हे त्यातलं नेहमीचं नाव. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, कारण ते रसायन वारंवार गेलं तर स्वतःच चुरचुर वाढवतं. साधी बाटली उघडली की त्यावर तारीख लिहा आणि महिन्यानंतर, थेंब उरले असले तरी, फेकून द्या. थेंब टाकल्यावर लेन्स घालायची असेल तर किती वेळ थांबायचं ते बाटलीवर बघा. नळाच्या पाण्याचे हबके मारू नका, त्याने उरलासुरला अश्रूंचा थरही धुऊन जातो. गुलाबपाणीही नको, ते डोळ्यात घालण्यासाठी निर्जंतुक केलेलं नसतं.

एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. मेडिकलमध्ये जाऊन "डोळे लाल होतात, काहीतरी द्या" म्हटलं की कधीकधी स्टेरॉइडचे थेंब हातात पडतात. लाली एका दिवसात जाते, म्हणून माणूस तेच पुन्हापुन्हा आणतो, घरातल्यांनाही देतो. हे थेंब महिनोन्‌महिने टाकले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. दाब वाढून काचबिंदू झाला तर गेलेली नजर परत येत नाही, आणि तो वाढत असताना बहुतेकदा दुखत नाही, म्हणून कळतही नाही. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल किंवा फ्लुओरोमेथोलोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणि सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त टाकायचं नाही. असे थेंब आधीच बरेच दिवस टाकत असाल तर डॉक्टरांकडे जाऊन डोळ्याचा दाब मोजून घ्या आणि बाटली सोबत न्या.

आणि काही लक्षणांचा स्क्रीनशी संबंध जोडत बसू नका. एका डोळ्याची नजर अचानक कमी होणं, पडदा आल्यासारखा भाग झाकणं, विजा चमकल्यासारखं दिसणं किंवा एकदम काळे ठिपके वाढणं, लाल डोळा आणि जोरात दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसून डोकं दुखणं आणि उलटी होणं. यातलं काहीही झालं तर ड्यूटी संपायची वाट न बघता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. स्वतः गाडी चालवू नका, सोबत कुणाला तरी घ्या.